लंबकाचं जर्नल तपासताना: विवेचनातलं कोणतं वाक्य तक्त्यावर उभं आहे?

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये साध्या लंबकावरून g काढण्याचा प्रयोग जवळपास सगळीकडे असतो. तक्ता भरला जातो, आलेख काढला जातो, आणि शेवटी ‘विवेचन’ या मथळ्याखाली सहा-सात ओळी येतात. तपासणारे बहुतेक जण तक्त्याची बेरीज-वजाबाकी पाहतात, उत्तर ९.८ च्या आसपास आहे का ते बघतात आणि विवेचनावर नजर फिरवून सही करतात. मला वाटतं, प्रयोग खरोखर समजला आहे की नाही हे कळण्याची एकमेव जागा म्हणजे त्या सहा-सात ओळी. म्हणून हा लेख फक्त त्यांच्याबद्दल आहे. नव्याने रुजू झालेले डेमॉन्स्ट्रेटर, तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक आणि स्वतःचंच जर्नल सबमिशनच्या आधी तपासू पाहणारे विद्यार्थी यांना तो उपयोगी पडावा.

एकच जर्नल घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहू. आकडे नमुन्यासाठी मी रचले आहेत, पण अशी जर्नलं दरवर्षी येतात.

प्रयोगाची मांडणी नेहमीची: स्टँडला चिरलेलं बूच, त्यातून ओढून घेतलेला दोरा, खाली हूक असलेला पितळेचा गोळा. व्हर्निअर कॅलिपरने गोळ्याचा व्यास २.५० सेंमी मोजला आहे. स्टॉपवॉचचं लघुतम माप ०.१ सेकंद. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ तीनदा घेतला आहे, आणि g = 4π²L/T² या सूत्राने प्रत्येक ओळीचा g काढून शेवटी सरासरी घेतली आहे.

| L (सेंमी) | २० दोलनांचा वेळ (सेकंद) | सरासरी | T² (से²) | g (मी/से²) |
|---|---|---|---|---|
| ४०.० | २६.०, २५.९, २६.१ | २६.० | १.६९० | ९.३४ |
| ६०.० | ३१.७, ३१.५, ३१.६ | ३१.६ | २.४९६ | ९.४९ |
| ८०.० | ३६.३, ३६.२, ३६.४ | ३६.३ | ३.२९४ | ९.५९ |
| १००.० | ४०.६, ४०.४, ४०.५ | ४०.५ | ४.१०१ | ९.६३ |

आणि हे विवेचन:

> प्रयोगातून g चे सरासरी मूल्य ९.५१ मी/से² आले. प्रमाण मूल्य ९.८१ असून त्रुटी ३.१ टक्के आहे. त्रुटी ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याने प्रयोग यशस्वी झाला. T² व L यांचा आलेख सरळ रेषा आला, यावरून T² हे L च्या समप्रमाणात असते हे सिद्ध होते. आवर्तकाल गोळ्याच्या वस्तुमानावर व दोलविस्तारावर अवलंबून नसतो हेही दिसून आले. हवेचा अवरोध व मानवी चुकांमुळे उत्तरात थोडा फरक आला.

## पायरी १: विवेचन झाका, तक्ता वाचा

विवेचन आधी वाचलं की त्याची भाषा डोक्यात बसते आणि मग तक्त्यात तेच दिसू लागतं. म्हणून ते पान आधी उलटून ठेवा. तक्ता समोर घेऊन शेवटच्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवा: ९.३४, ९.४९, ९.५९, ९.६३. आकडे वरखाली होत नाहीत, लांबीबरोबर चढत जातात. g तर खोलीत एकच आहे. दोऱ्याची लांबी वाढवली म्हणून तो वाढणार नाही. म्हणजे या तक्त्यात काहीतरी पद्धतशीर चुकलं आहे, हे एकही शब्द वाचण्याआधी कळलं.

इथे एक शंका रास्त आहे. हा चढ निव्वळ योगायोग तर नसेल? तेही तक्त्यालाच विचारायचं. तिन्ही वाचनं एकमेकांपासून ०.२ सेकंदाच्या आत आहेत, म्हणजे वेळेतली अनिश्चितता ढोबळमानाने ०.१ सेकंद धरू. २६ सेकंदांत ०.१ सेकंद म्हणजे जवळपास ०.४ टक्के. सूत्रात T चा वर्ग आहे, म्हणून g मध्ये ती दुप्पट होते, ०.८ टक्के. त्यामुळे पहिल्या ओळीचा g साधारण ०.०७ ने इकडेतिकडे होऊ शकतो, आणि तसंच गणित केलं तर शेवटच्या ओळीचा ०.०५ ने. दोन टोकांमधला फरक मात्र ०.२९ आहे. वेळ मोजण्यातल्या हेलकाव्यांनी इतका फरक पडत नाही.

दुसरं, तक्त्यात किंवा कृतीत मोजलेली पण कुठेच न वापरलेली राशी शोधा. इथे ती आहे: गोळ्याचा व्यास. २.५० सेंमी मोजून लिहिला, आणि पुढे त्याचा पत्ता नाही. लांबीचे आकडेही ४०.०, ६०.०, ८०.० असे गोल आहेत. त्रिज्या धरून दोरा बांधला असेल तरी असे गोल आकडे येऊ शकतात, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका. पेन्सिलने समासात खूण करा आणि पुढे चला.

## पायरी २: वाक्यं सुटी करा आणि प्रत्येकाला वाचन मागा

आता विवेचन उघडा आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे कोणत्या वाचनावरून म्हटलं? उत्तर म्हणून तक्त्यातली ओळ, आलेखातला बिंदू किंवा कृतीत नोंदलेलं माप दाखवता आलं पाहिजे. पुस्तकात आहे म्हणून, हे उत्तर इथे चालत नाही. पुस्तकातलं विधान खरं असू शकतं, तरी ते या प्रयोगाचा निष्कर्ष होत नाही.

‘आवर्तकाल गोळ्याच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो हे दिसून आले.’ किती गोळे वापरले? एकच, पितळेचा. वस्तुमान बदललंच नाही, तर त्याचा परिणाम होतो की नाही हे दिसणार कसं? हे वाक्य पूर्णपणे पुस्तकातून आलं आहे. पितळ, लोखंड आणि लाकूड असे सारख्या आकाराचे तीन गोळे एकाच लांबीवर झुलवून वेळ घेतला असता, तर ‘०.१ सेकंदाच्या मर्यादेत फरक आढळला नाही’ असं लिहिण्याचा अधिकार मिळाला असता. दोलविस्ताराचंही तसंच. गोळा किती अंशांवरून सोडला हे कुठेही नोंदलेलं नाही. शिवाय हे विधान काटेकोरपणे खरंही नाही. ते लहान कोनांपुरतं जवळपास खरं आहे. वीस अंशांवर आवर्तकाल सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढतो, आणि २६ सेकंदांत ०.८ टक्के म्हणजे ०.२ सेकंद, जो या स्टॉपवॉचवर दिसतो.

‘आलेख सरळ रेषा आला, यावरून T² हे L च्या समप्रमाणात असते.’ हे वाक्य नव्या तपासनीसाच्या हातून हमखास सुटतं, कारण ते अर्धं खरं आहे. बिंदू खरोखरच एका सरळ रेषेवर आहेत. पण समप्रमाण म्हणायचं तर ती रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. बरेचदा आलेखाचा L-अक्ष ४० पासूनच सुरू केलेला असतो, त्यामुळे रेषा शून्याजवळ कुठे जाते हे दिसतच नाही. किंवा पट्टी आरंभबिंदूवर टेकवून रेषा ओढलेली असते आणि बिंदू तिच्या किंचित वर-खाली राहतात. तुम्ही स्वतः पट्टी घ्या, फक्त चार बिंदूंकडे बघून रेषा लावा आणि ती डावीकडे वाढवा. या आकड्यांची सर्वांत योग्य रेषा काढली तर चढ ४.०१५ से²/मी येतो आणि रेषा T²-अक्षाला ०.०८५ से² वर छेदते. तो अंतःखंड लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तोच कामाला येणार आहे.

‘त्रुटी ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याने प्रयोग यशस्वी.’ हा ५ टक्क्यांचा आकडा आला कुठून, याला जर्नलमध्ये उत्तर नाही. उत्तर बरोबर की चूक हे ठरतं ते मोजमापाच्या स्वतःच्या अनिश्चिततेवरून. इथे प्रत्येक ओळीची अनिश्चितता एक टक्क्याहून कमी आहे आणि उत्तर तीन टक्क्यांनी दूर आहे. म्हणजे फरक अनिश्चिततेच्या तिप्पट-चौपट आहे. याचा अर्थ ‘यशस्वी’ असा होत नाही, ‘काहीतरी धरायचं राहिलं’ असा होतो. आणि ९.३४ ते ९.६३ अशा चढत्या आकड्यांची सरासरी काढली की नेमका तो चढच नाहीसा होतो. सरासरी कधी घ्यायची? आकडे एका मूल्याभोवती दोन्ही बाजूंना पसरलेले असतील तेव्हा.

‘प्रमाण मूल्य ९.८१’ याबद्दल थोडक्यात. हे मूल्य युरोपातल्या अक्षांशांच्या जवळचं आहे. विषुववृत्ताकडे सरकलं की g कमी होतो. १६७२ साली ज्याँ रिशे याने पॅरिसहून कायेनला नेलेलं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, ते याच कारणाने. पुण्यात g सुमारे ९.७८ आहे, मुंबईत ९.७९ च्या आसपास. विद्यार्थ्याने तुलना ९.७८ शी करायला हवी होती. मात्र यामुळे ०.३० पैकी फक्त ०.०३ चा फरक मिटतो, उरलेला तसाच राहतो.

## पायरी ३: सांगितलेलं प्रत्येक कारण तीन प्रश्नांतून काढा

आता शेवटचं वाक्य: ‘हवेचा अवरोध व मानवी चुकांमुळे फरक आला.’ हे वाक्य कुठल्याही प्रयोगाखाली लिहिता येतं, आणि तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं. त्रुटीचं कारण म्हणून जे काही सांगितलं असेल, त्याला तीन गोष्टी विचारा. या कारणाने उत्तर कोणत्या दिशेला सरकेल? किती सरकेल? आणि वेगवेगळ्या ओळींत ते सारखंच सरकेल की कमी-जास्त?

हवेपासून सुरुवात करू. दिशा बरोबर आहे: हवेमुळे आवर्तकाल वाढतो, म्हणून g कमी येतो. विद्यार्थी इथेच थांबतो. पण किती? पितळ हवेपेक्षा सुमारे सात हजारपट घन आहे, त्यामुळे हवेच्या उत्प्लावक बलाने g साधारण ०.०१ टक्क्याने कमी भासेल. गोळ्याबरोबर थोडी हवाही हलते, तिचा परिणाम धरला तरी हा आकडा फार वाढत नाही. राहिलं अवमंदन. वीस दोलनांत दोलविस्तार दहा टक्क्यांनी घटला असं मानलं, तरी त्यामुळे आवर्तकालात पडणारा फरक एका टक्क्याच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आहे. झोका लहान होत जाताना डोळ्यांना दिसतो, म्हणून वेळही लांबत असेल असं वाटतं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला तीन टक्क्यांचं कारण हवं आहे. हवा त्याच्या शंभराव्या भागाचंही कारण होऊ शकत नाही.

‘मानवी चुका’ हा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा आणि ‘कोणती?’ असं विचारा. स्टॉपवॉच दाबायला होणारा उशीर म्हणायचं असेल, तर तो सुरू करतानाही होतो आणि बंद करतानाही, म्हणून बराचसा कटून जातो. जो उरतो तो कधी अधिक, कधी उणा असतो आणि तीन वाचनांच्या फरकात दिसतो. बाकी सगळं बरोबर असेल आणि L खरोखरच ४०.० सेंमी असेल, तर २० दोलनांना २५.४ सेकंद लागायला हवे होते. नोंदले आहेत २६.० सेकंद. तिन्ही वेळा, एकाच दिशेने, ०.६ सेकंद उशीर, तोही एकमेकांत ०.२ सेकंदाहून जास्त फरक न पडता? असं होत नाही.

दोलनं मोजण्यात चूक झाली असेल तर? गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणायची सवय बऱ्याच जणांना असते, शून्य म्हणायला हवं तिथे. मग प्रत्यक्षात १९ दोलनं होतात आणि २० लिहिली जातात. आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी येतो, g सुमारे १० टक्क्यांनी जास्त, आणि सगळ्या ओळींत सारखाच जास्त. इथे g कमी आहे. दिशाच उलट, म्हणून हे कारण बाद.

दोलविस्तार मोठा होता का? हा संशयित जरा तगडा आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी गोळा बाजूला सारखाच, समजा १० सेंमी ओढला असेल, तर ४० सेंमीच्या दोऱ्याला कोन साडेचौदा अंशांच्या आसपास होतो आणि १०० सेंमीला सहा अंशांहून कमी. म्हणजे आखूड दोऱ्याला g जास्त कमी येईल. दिशा जुळली, चढही जुळला! पण प्रमाण बघा: ४० सेंमीला त्यामुळे g फक्त ०.८ टक्क्याने कमी होतो, आणि इथे तो साडेचार टक्क्यांनी कमी आहे. एवढा फरक पडायला गोळा ३५ अंशांवरून सोडावा लागेल, म्हणजे ४० सेंमीच्या दोऱ्याला तो बाजूला २३ सेंमी ओढावा लागेल. तसं करताना कुणाच्याही लक्षात येईल. तेव्हा थोडासा हातभार शक्य, मुख्य कारण नाही.

## पायरी ४: न सांगितलेलं कारण आकड्यांतूनच शोधा

तीन प्रश्नांची हीच रीत आता उलटी वापरायची. आपल्याला असं कारण हवं, जे g कमी करतं, ४० सेंमीला साडेचार टक्क्यांनी आणि १०० सेंमीला दीड टक्क्याच्या थोडं वर. टक्के वेगळे आहेत. सेंटिमीटर किती होतात? ४० चे साडेचार टक्के म्हणजे १.८. १०० चे दीड ते पावणेदोन टक्के म्हणजे १.५ ते १.७५. जवळपास सारखेच! म्हणजे प्रत्येक ओळीत लांबीचा एक ठराविक तुकडा, पावणेदोन सेंमीच्या आगेमागे, मोजायचा राहिला आहे.

आता मघाचा अंतःखंड आठवा. लांबीत d एवढा तुकडा राहिला असेल तर T² = (4π²/g)(L + d) होतं. ही रेषा सरळच असते, फक्त आरंभबिंदूतून जात नाही, आणि अंतःखंडाला चढाने भागलं की d मिळतो. ०.०८५ भागिले ४.०१५ म्हणजे ०.०२१ मीटर, २.१ सेंमी. चारच बिंदू आहेत आणि रेषा ४० सेंमीपासून शून्यापर्यंत ओढत न्यायची आहे, त्यामुळे या २.१ मध्ये अर्ध्या सेंमीची तरी अनिश्चितता धरा. पावणेदोनशी त्याचं भांडण नाही.

गोळ्याची त्रिज्या आहे १.२५ सेंमी. समासात केलेली पेन्सिलची खूण इथे कामाला आली. लंबकाची लांबी बुचापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची असते. या विद्यार्थ्याने बहुधा फक्त दोरा मोजला, गाठीपर्यंत. त्रिज्या मिळवून पुन्हा गणित केलं तर g येतो ९.६४, ९.६९, ९.७४, ९.७५. सुधारणा झाली, पण आकडे अजून चढतातच. अर्धा सेंमी अजून कुठेतरी आहे. गाठ आणि केंद्र यांच्यामध्ये त्रिज्येशिवाय काय असतं? हूक. त्याची उंची ०.५ सेंमी धरून d = १.७५ सेंमी घेतला तर चार ओळींचा g असा येतो: ९.७५, ९.७७, ९.८०, ९.८०. आता उरलेला फरक ०.०५ च्या आत आहे, म्हणजे वेळेच्या अनिश्चिततेत मावतो. यांची सरासरी मात्र घेता येते, आणि ती ९.७८ आहे.

आणखी एक गोष्ट नक्की दाखवून द्या. विद्यार्थ्याने ओळीओळीने g न काढता आलेखाच्या चढावरून काढला असता, तर 4π² भागिले ४.०१५, म्हणजे ९.८३ आला असता. चढाची अनिश्चितता साधारण एक टक्का, म्हणजे ०.१ च्या आसपास, ९.७८ त्यात सहज बसतं. कारण राहून गेलेला तुकडा रेषा वर सरकवतो, तिचा चढ बदलत नाही. त्याच्याच वहीत, त्याच्याच आलेखावर बरोबर उत्तर होतं. या प्रयोगात आलेख काढायला सांगतात ते याचसाठी.

लांबी नेमकी कुठून कुठे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. हेन्री केटर याने १८१७ मध्ये उलटसुलट दोन्ही टोकांनी झुलवता येणारा लंबक तयार केला, तो याच अडचणीपायी: झुलणाऱ्या वस्तूचं नेमकं दोलनकेंद्र शोधत बसण्यापेक्षा दोन धारांमधलं अंतर मोजणं सोपं आणि खात्रीचं. विद्यार्थ्याला हे सांगितलं तर आपण राहिलेल्या एका हुकाबद्दल का एवढं बोलतो आहोत हे त्याला पटतं.

## पायरी ५: आपलाही निष्कर्ष तक्त्याबाहेर जाऊ देऊ नका

इथे तपासनीसाची परीक्षा आहे. आकडे इतके छान जुळले की ‘तू हूक मोजला नाहीस’ असा शेरा मारायचा मोह होतो. पण आकडे एवढंच सांगतात की लांबीत एक ठराविक तुकडा कमी पडतो आहे. तो तुकडा कुठला, हे ते सांगत नाहीत. हुकाची उंची ०.५ सेंमी ही आपण मानलेली आहे, जर्नलमध्ये ती नाही. शिवाय अशाच खुणा सोडणारी दुसरीही कारणं आहेत. बूच नीट आवळलेलं नसेल तर दोरा बुचाच्या खालच्या कडेऐवजी आत वरून कुठून तरी झुलतो. स्टँड सैल असेल आणि गोळ्याबरोबर तोही किंचित डोलत असेल, तर लंबक जणू थोडा लांब झाल्यासारखा वागतो, आणि ही वाढही सगळ्या लांब्यांना सारखीच असते.

म्हणून शेरा असा लिहा की विद्यार्थ्याला जाऊन काहीतरी करून बघता येईल. मी साधारण असं लिहितो:

> g लांबीबरोबर ९.३४ वरून ९.६३ पर्यंत वाढतो आहे; विवेचनात याचा उल्लेख नाही. हवेच्या अवरोधाने g किती बदलेल याचा अंदाज काढून लिहा. आलेख शून्यापासून पुन्हा काढा, अंतःखंड किती येतो ते लिहा. L कुठून कुठपर्यंत मोजला? गोळ्याचा व्यास कुठे वापरला? हुकाची उंची मोजा. वस्तुमान व दोलविस्तार यांबद्दलची विधाने कोणत्या वाचनांवरून केली ते दाखवा, नसल्यास काढून टाका.

यात ‘उत्तर चूक आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि ते मुद्दाम. g ९.८ पासून दूर आला म्हणून गुण कापायला लागलात, तर पुढच्या बॅचला तुमच्या टेबलावर सगळी जर्नलं ९.७९ आणि ९.८१ ची येतील, आणि वेळेचे आकडे उत्तरावरून उलटे काढलेले असतील. या मुलाने ९.३४ जसाच्या तसा लिहिला, म्हणूनच आपल्याला काही शोधता आलं. तक्त्याचे गुण पूर्ण द्या. कापायचे ते विवेचनाचे कापा, आणि दुरुस्त करून आणलं की तेही परत द्या.

दुरुस्त विवेचन कसं दिसावं, याचा नमुनाही दाखवून ठेवा, नाहीतर मुलं मोठमोठे शब्द घालून तेच पुन्हा लिहितात:

> ओळीनिहाय g लांबीबरोबर वाढतो (९.३४ ते ९.६३), हा फरक वेळेच्या अनिश्चिततेपेक्षा (सुमारे ०.०७) बराच मोठा आहे. T²–L आलेख सरळ आहे, पण आरंभबिंदूतून जात नाही. अंतःखंडावरून लांबीत सुमारे २ सेंमी कमी धरले गेल्याचे दिसते. L गाठीपर्यंत मोजला होता, त्रिज्या (१.२५ सेंमी) व हूक धरलेले नव्हते. चढावरून g = ९.८ ± ०.१ मी/से². वस्तुमान व दोलविस्तार यांचा परिणाम या प्रयोगात तपासलेला नाही.

पहिल्यापेक्षा हे फार लांब नाही, आणि यातल्या प्रत्येक वाक्याखाली एक वाचन आहे. शेवटचं वाक्य लिहायला विद्यार्थी कचरतात, आपण काही केलं नाही असं कबूल केल्यासारखं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की त्या वाक्याचे गुण आहेत.

जर्नल परत आलं की आधी हुकाची उंची बघा. ०.५ सेंमीच्या आसपास असेल तर प्रश्न मिटला. हूक एक-दोन मिलिमीटरचाच निघाला, किंवा विद्यार्थी ठामपणे म्हणाला की त्याने केंद्रापर्यंतच मोजलं होतं, तर आपलं स्पष्टीकरण बाजूला ठेवा आणि त्याच स्टँडपाशी त्याच्याबरोबर उभे राहा. ४० सेंमीचा दोरा लावा, गोळा झुलवा आणि स्टँडच्या वरच्या टोकाजवळ पट्टीचं टोक न टेकवता धरून ते टोक डोलतं का ते पाहा. मग बूच घट्ट आवळून, स्टँडच्या पायावर वजन ठेवून, २० दोलनांचा वेळ पुन्हा घ्या. २६.० चा २५.४ कडे सरकला, तर राहिलेला तुकडा दोऱ्याच्या खालच्या टोकाला नव्हता, वरच्या टोकाला होता.